खोल भागातली आई

"मॅडम, मला पोहता येत नसतं तर मीही तुमची लाडकी झाले असते का?"

हा प्रश्न माझा नव्हता, टोळीचा होता. टोळी म्हणजे शाळेच्या पोहण्याच्या संघातल्या आम्ही चौघी. कपडे बदलायच्या खोलीत मी रोज आईच्या नावाने कटकट करायचे. शेवटी तिघींना कंटाळा आला आणि त्या म्हणाल्या, एवढं पोटात दुखतंय तर जाऊन विचार ना, का फक्त आमच्यासमोरच वाघीण? असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

पोटात दुखण्याचं कारण असं. आमच्या घरात पाणी माझं होतं. मी चार वर्षांची असल्यापासून पोहते, घरातले बाकीचे काठावरचे. बाबा टॉवेल धरणार, आई डोळे मिटून बाकावर बसणार, कारण मी खोल भागात गेले की तिच्या हातापायाला मुंग्या यायच्या. लहानपणी तिला कुणीतरी गंमत म्हणून विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून पाणी छातीच्या वर गेलं की संपलं. आणि या उन्हाळ्यात हीच बाई, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या काचा घासून बसवणारी, उठली आणि मोठ्यांच्या बॅचमध्ये नाव घालून आली. तेही माझ्याच मॅडमकडे.

मॅडम म्हणजे आमच्या संघाच्या प्रशिक्षक. माझ्याशी त्या दोनच शब्द बोलतात, "कोपर वर." आईशी मात्र काय ते बोलणं! पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडले की "छान". पाठीवर तरंगली की "फारच छान". एकदा तर आई नुसती पायऱ्या उतरली आणि मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरी आल्यावर बाबा रोज विचारणार, आज कुठपर्यंत? माझी वेळ दोन सेकंदांनी सुधारली होती त्या दिवशीही जेवताना विषय आईच्या बुडबुड्यांचाच.

तर मी विचारलं. मॅडम दोऱ्या गुंडाळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, शनिवारी मोठ्यांच्या बॅचला ये, मला पाण्यात एक माणूस हवंच आहे. टोळीने मागून टाळ्या पिटल्या. मला वाटलं, जिंकले.

शनिवारी पाण्यात मी, आई आणि एक औषधविक्रेते काका. काका उथळ भागात कठड्याला धरून पाय मारत होते आणि मध्येच मला विचारत होते, नाकात गेलेलं पाणी परत कुठून येतं. आईला सगळं येत होतं. श्वास सोडणं, पाठीवर वळणं, गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात सरळ उभं राहणं, सगळं. अडत होतं एकाच ठिकाणी. आमच्या तलावाचा तळ अर्ध्यापर्यंत सपाट आहे आणि मग एकदम घसरगुंडीसारखा खाली जातो. तळावरची काळी रेघ तिथे वाकून गडद होते. आई त्या वाकणापर्यंत झकास यायची आणि तिथे पाय टेकून उभी राहायची. दर वेळी, अगदी तिथेच.

मॅडम काठावर लांब काठी घेऊन चालत होत्या. मला म्हणाल्या, उताराच्या पलीकडे दोन हातांवर थांब, आईला तुझ्यापर्यंत येऊ दे, बस.

मी थांबले. आई निघाली. आणि मी तेच केलं जे मला लहानपणी शिकवताना शिकवणाऱ्यांनी केलं होतं. ती जवळ आली की मी हात पसरून थोडी मागे. आणखी जवळ आली, आणखी मागे. ये, ये, शाबास. लहान मूल असंच हसत हसत पूर्ण तलाव ओलांडतं. मी तर ओलांडला होता. आणि खरं सांगायचं तर शेवटचं मागे जाणं शिकवण्यासाठी नव्हतं. ती इतक्या लवकर पोहोचायला नको होती मला.

आईने मला शोधायला डोकं वर काढलं. डोकं वर गेलं की पाय खाली जातात. पाय खाली गेले तर तिथे तळ नव्हता. पुढच्या क्षणी तिचे दोन्ही हात माझ्या मानेला होते आणि मी पाण्याखाली. मी हजार वेळा पाण्याखाली गेलेय, पण स्वतःहून, छाती भरून. या वेळी छाती रिकामी होती आणि वर जायची वाट माझ्या आईने अडवली होती. पाणी एकदम अनोळखी वाटलं. मी खाली खाली जायला लागले तशी तिची पकड सुटली, कारण तिला वर जायचं होतं. मी वर आले तेव्हा ती मॅडमच्या काठीला लोंबकळत खोकत होती.

काठावर बसल्यावर तिचे दात वाजत होते. माझ्या मानेवर तिच्या नखांचे ओरखडे होते. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू मागे सरकलीस," ती म्हणाली.

"लहानांना असंच शिकवतात."

"मी लहान नाही. मी अंतर मोजून निघते गं. तेवढाच दम धरलेला असतो."

मॅडमनी आईला विचारलं, आज पुरे का? आईने मान हलवली, नाही. मग मॅडम तिला खोल भागातल्या शिडीपाशी घेऊन गेल्या. शिडी धरून एकेक पायरी खाली, डोकं पाण्यात, मग हात सैल. बघ, काय होतं. झालं एवढंच की पाण्याने तिला अलगद वर आणून सोडलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. चौथ्या वेळी आई हसली. मी बघत बसले. पाणी वर आणतं ही गोष्ट मला नवीन नव्हती, पण तिच्या तोंडावर जे उमटलं ते माझ्या तोंडावर कधी उमटलेलं मला आठवत नाही. मी शिकले तेव्हा इतकी लहान होते की मला ते सापडलेलं नाही, आयतं मिळालंय.

मग आई उथळ भागात परत गेली, मी पुन्हा उताराच्या पलीकडे उतरले आणि ती मला म्हणाली, तिथेच उभी राहा, या वेळी हलायचं नाही. मी जागच्या जागी पाणी तुडवत राहिले. पाय भरून आले तरी इंचभर हलले नाही. ती आली. वाकण ओलांडलं. मध्येच दम संपला तेव्हा ती घाबरली, मला दिसलं ते, पण डोकं वर काढण्याऐवजी ती पाठीवर वळली, छताकडे बघत चार श्वास घेतले, पुन्हा उलटली. आणि माझ्या पसरलेल्या हातांना न शिवता, माझ्या बाजूने जाऊन तिने पलीकडची भिंत पकडली.

काकांनी कठडा सोडून टाळ्या वाजवल्या आणि स्वतःच गटांगळी खाल्ली. मॅडम गळ्यातल्या शिट्टीला धरून नुसत्या उभ्या होत्या. कोपर वर नव्हतं आईचं, अजिबात नव्हतं, पण ते त्यांनी तिला सांगितलं नाही. मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं; तलावात असण्याचा एक फायदा, ते कुणाला कळत नाही. तिच्या कौतुकाचा हेवा नव्हता तो. म्हणजे, तोही होता. पण जास्त हेवा तिच्या भीतीचा होता. तिच्याकडे ओलांडायला काहीतरी होतं.

निघताना मॅडम म्हणाल्या, पुढच्या शनिवारी काकांना उथळ भागात तू बघशील का, विचार करून सांग. मी विचार वगैरे केला नाही.

रात्री जेवताना बाबांनी विचारलंच, आज कुठपर्यंत? आई माझ्या मानेकडे बघत होती. मी चमचा खाली ठेवला.

"ऐका दोघंही. दर शनिवारी मी मॅडमच्या हाताखाली मोठ्यांच्या बॅचला जाणार. काकांना मी शिकवणार, आणि जागेवर उभं राहून शिकवणार. पण आई, तुला मी शिकवणार नाही. तू मॅडमकडेच राहा. मला तुझा अजून खूप हेवा वाटतो, आणि तो जाईपर्यंत मी पुन्हा मागे सरकणार नाही याची मला खात्री देता येत नाही."