एका तासात रंगणारी मेंदी

"तिला रिक्षाभाडं वेगळं द्यायचं, ट्रायलचे वेगळे, आणि पाहुण्या बायकांचे माणशी वेगळे! अगं, ही मेकअप करायला येतेय की आपल्याला लुटायला?"

सुमती पोळी लाटता लाटता बोलत होती आणि लाटणं जरा जास्तच जोरात फिरत होतं. तिची लेक सुहासिनी समोर पाटावर बसली होती. 

कल्याणच्या लतिकाबाईंकडून ती नुकतीच परतली होती. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीतच आरसा आणि खुर्ची होती. बाईंनी तिला आरशापुढे बसवलंच नव्हतं, खिडकीपाशी नेलं होतं. हनुवटीच्या कडेला बेसचे तीन ठिपके लावून म्हणाल्या होत्या, "ट्यूबलाइटमध्ये सगळे गोरे दिसतात. उन्हात बघ, मानेला कोणता लागतो ते." मग विचारलं होतं, "उष्टी हळद कुठून येणार? ठाण्याहून? कधी पोचेल?" सुहासिनीला कळेना, मेकअपवालीला हळदीचं काय. बाई म्हणाल्या, "हळद लागली की कातडी पिवळी पडते. आज ठरवलेला रंग त्या दिवशी चालायचा नाही, त्यासाठी वेगळा डबा बरोबर आणावा लागतो. आणि मेंदी हळदीच्या आधी एक दिवस काढायची, तळव्यांना हळद चोळायची नाही. नाहीतर घरातल्या बायका पाटावर बसवून हात घासून काढतात नि मग माझ्या नावानं ओरडतात."

हे सगळं सुहासिनीनं आईला सांगितलं होतं. आईनं त्यातलं फक्त रिक्षाभाडं ऐकलं होतं.

"मेंदीत ती घालते काय?" सुमतीनं विचारलं.

"पाला वस्त्रगाळ करते. चहाचं पाणी, लिंबू, निलगिरीचं तेल. रात्रभर भिजवते. आणि हातावर सहा-सात तास ठेवायची. पहिल्या दिवशी नारिंगीच दिसते, दुसऱ्या दिवशी चढते."

"बघ! सहा-सात तास! वृंदाताईंची भाची एका तासात काळीभोर रंगवते. तीही फुकट ट्रायल देऊन. हॉल ठाण्यातच, म्हणजे प्रवासाचा प्रश्न नाही. आणि त्यांच्याकडच्या पाच बायकांचा मेकअप, अंबाडे, साड्या नेसवणं, मेंदी, सगळं पॅकेजमध्ये. सामान इम्पोर्टेड."

"कुठल्या देशाचं, ते विचारलंस?"

"तू नवरी आहेस की कस्टमचा साहेब?"

भाऊ, म्हणजे सुहासिनीचे वडील, वर्तमानपत्रामागून हसले आणि दोघींची नजर एकदम आपल्याकडे वळल्यावर पुन्हा आत गेले.

खरी गोष्ट सुहासिनीला ठाऊक होती. वृंदाकाकू म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, हेमंतच्या काकू. आईवेगळ्या हेमंतला त्यांनीच वाढवलं, त्यामुळे त्या घरात त्यांचाच शब्द चाले. बैठकीतच त्या म्हणाल्या होत्या, "आमची शर्मिला आहे नौपाड्यात, दुसरीकडे कशाला जाता?" त्या क्षणी सुमतीनं मान हलवली होती. लेकीच्या सासरच्या पाच बायका नटून खूश होतील, पुढे लेकीला सुखानं नांदवतील, हा हिशेब तिच्या मनात पक्का होता. त्यात पाला, निलगिरी, खिडकीचं ऊन कुठेच बसत नव्हतं.

"आई, चेहरा माझा आहे, हातही माझे आहेत."

"आणि सासर कोणाचं आहे?"

रविवारी दोघी नौपाड्यात गेल्या. वृंदाकाकू आधीच येऊन बसल्या होत्या. शर्मिलाचं पार्लर थंडगार होतं, आरशाभोवती बल्ब होते. सुहासिनीच्या चेहऱ्यावर स्पंज फिरला आणि अर्ध्या तासात आरशातून एक अनोळखी पांढरी बाई तिच्याकडे बघू लागली. मान मात्र तिची स्वतःची, सावळी.

"मानेचं काय?" तिनं विचारलं.

"दागिने असतात ना ग मानेवर," शर्मिला म्हणाली. "व्हिडिओच्या लाइटमध्ये कळत पण नाही."

"आणि पाच मिनिटं घाम आला तर?"

"वृंदामावशी, सूनबाई फार प्रश्न विचारते हं!"

वृंदाकाकू हसल्या. "बँकेत कॅशियर आहे, दोनदा मोजल्याशिवाय चैन पडत नाही तिला. चल, आता मेंदीही दाखव."

"नको नको," सुमती घाईनं म्हणाली. "लग्नाच्या मेंदीआधी नवरीच्या हाताला मेंदी नाही लागायची आमच्याकडे."

"मग तुमच्या हाताला लावू, सुमतीताई. बघा तरी कसा रंग चढतो."

शर्मिलानं सुमतीच्या डाव्या मनगटावर एक वेल काढली. सुहासिनीनं वाकून वास घेतला. पाल्याचा वास नव्हता. आई केसांना लावते तो कलप वाटीत कालवला की येतो, तसा काहीसा वास होता. "ह्यात काय आहे?" तिनं विचारलं.

"ते सिक्रेट असतं."

तासाभरानं वेल खरंच काळीकुट्ट उमटली. परतताना गाडीत सुमती हात पुन्हा पुन्हा बघत होती. "म्हटलं नव्हतं?" असं तिनं दोनदा तरी विचारलं.

बुधवारी गणपतीच्या देवळात कीर्तन होतं. सुमतीचं कीर्तन सहसा चुकत नसे. बुवा नवीन होते, पण आवाज असा, की पेटीनं सूर दिला नि सभामंडप गप्प झाला. उत्तररंगात त्यांनी रुक्मिणीचं पत्र लावलं. मुलीचं मन न विचारता तिचं लग्न ठरवणाऱ्या भावावर बुवा असे तुटून पडले, की पुढे बसलेल्या म्हाताऱ्याही खुदकन हसल्या. मग चिपळ्या खणखणल्या, गजर सुरू झाला, विठ्ठल विठ्ठल, आणि सारा मांडव टाळ्यांनी भरून गेला.

सुमती टाळी वाजवत नव्हती.

सुहासिनीनं लहानपणापासून आईला असंख्य वेळा गजरात पाहिलं होतं. तिच्या टाळीनं शेजारच्या बाईचा ताल सुटायचा. आज तिचा डावा हात पदराखाली होता आणि उजवा मांडीवर नुसता आपटत होता. डोळे मिटलेले, पण ओठ घट्ट.

"हात दे."

"देवळात आहोत आपण."

सुहासिनीनं पदर बाजूला केला. वेलीचं एकेक पान फुगून पाण्याच्या फोडासारखं उभं राहिलं होतं. भोवतालची कातडी लालबुंद, एक फोड फुटून पदराला चिकटलेला. कुणीतरी तापल्या तारेनं वेल काढावी तसं.

"कधीपासून?"

"कालपासून. थोडी खाज होती. हळू बोल."

आरती सुरू झाली होती म्हणून सुहासिनी आईबरोबर उठून उभी राहिली. बाहेर चपला घालताना मात्र तिचा बांध फुटला.

"तू हे लपवलंस! माझ्यापासून! म्हणजे माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत हे लागू द्यायचं होतं तुला?"

"मला वाटलं, मला एकटीलाच बाधलं असेल. कलप लावला की माझ्या कानामागेही खाजतं ना ग."

"तेच तर! वास कलपाचाच होता! आणि तुला माहीत होतं खाजतं ते!"

"वृंदाताईंना काय सांगायचं होतं मी?" सुमतीचा आवाज चिरकला. "तुमच्या भाचीनं माझा हात जाळला, असं? लग्नाआधीच?"

"हो! असंच!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून मनगट पाहिलं आणि पहिला प्रश्न केसांच्या कलपाचा विचारला. मग म्हणाले, "काळ्या रंगासाठी मेंदीत डाय मिसळतात. कुणाला काही होत नाही, कुणाला असं होतं, आणि ते दोन-तीन दिवसांनी उमटतं. तुम्ही आता कलपही बंद करा." सुहासिनी हिशेब करत होती. लग्नाच्या दोन दिवस आधी मेंदी, म्हणजे फोड बरोबर अंतरपाटाच्या वेळी. हेमंतच्या हातात हात द्यायच्या वेळी. आणि पाच पाहुण्या बायकांच्या हातांवर, फुकट.

शनिवारी दोघी पुन्हा पार्लरमध्ये उभ्या राहिल्या. सुमतीच्या मनगटाला पट्टी होती. सुहासिनीनं फोन करून वृंदाकाकूंनाही बोलावलं होतं.

"तुमच्या आईंचं वय झालं," शर्मिला म्हणाली. "स्किन सेन्सिटिव्ह होते."

"वाटीत काय घातलं होतं ते सांगा."

"सगळ्या पार्लरमध्ये घालतात. लोकांनाच काळी हवी असते."

"मग ट्रायल कशाला घेता? मेंदी लावून तासाभरात घरी पाठवता, तिसऱ्या दिवशी काय होतं ते विचारता कधी?"

वृंदाकाकू खुर्चीत ताठ झाल्या. "सुहासिनी, आवाज. अजून आमच्या घरी आली नाहीस. आणि पॅकेज मोडलंत तर आमच्याकडच्या बायकांचं काय? पाच जणींना सांगून ठेवलंय मी. सुमतीताई, तुमची मुलगी फार बोलते."

सुहासिनीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी पट्टी सुटल्याचा आवाज आला.

सुमतीनं मनगट आरशापुढच्या काचेवर ठेवलं, स्पंज नि डब्यांच्या मध्ये. सगळ्या बल्बांचा उजेड त्या फोडांवर पडला. शर्मिला मागे सरकली.

"मुलगी फार बोलते?" सुमतीचा आवाज अगदी खाली होता. सुहासिनीनं तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. "मी फार गप्प बसते, त्याचं हे बघा. तुम्ही रागवाल म्हणून मी माझ्या लेकीपासून हात लपवला. देवापुढे बसून लपवला! बुवा रुक्मिणीचं सांगत होते आणि मी तिच्या भावासारखी बसले होते. त्या पाच जणींबरोबर तुमची नात रश्मीही मेंदी लावून घेणार ना, आठ वर्षांची? तिचे हात पुढे करा. लावा हिच्या वाटीतलं, आत्ता माझ्यासमोर लावा. मग मी पॅकेज घेते."

 बाहेर एक स्कूटर सुरू व्हायला नकार देत होती.

वृंदाकाकूंनी मनगटाकडे पाहिलं, मग भाचीकडे. "शर्मिला, तू मला पाला आहे म्हणून सांगितलं होतंस."

"मावशी, पाला पण असतोच की त्यात..."

"रश्मीला वाढदिवसाला लावलीस तेव्हा?"

शर्मिला डब्यांची झाकणं लावू लागली. काकूंनी पर्स उचलली आणि कुणाचाही निरोप न घेता जिना उतरल्या. रागावल्या होत्या हे नक्की, पण कुणावर, ते त्यांच्या पाठीवरून कळेना.

दुसऱ्या दिवशी कल्याणला लतिकाबाईंच्या खिडकीपाशी सुमती स्वतः बसली. रिक्षाभाडं दोन्ही वेळचं, ट्रायलचे वेगळे, पाहुण्या बायकांचे माणशी, सगळ्याला तिनं हो म्हटलं, अगदी कडू औषध गिळावं तसं. "घासाघीस करायची ताकद नाही राहिली," ती पुटपुटली, "राग आलाय मला अजून."

"कुणाचा?" लतिकाबाईंनी विचारलं.

"माझाच."

मग तिनं सुहासिनीचा हात धरून पुढे केला. "हिच्या मनगटाला एक ठिपका लावा, आतल्या बाजूला. आज."

"अगं, लग्नाच्या मेंदीआधी नवरीला..." सुहासिनी म्हणाली.

"ते मी ठरवलेलं होतं, मीच मोडतेय. ठिपका लागू दे. आपण तीन दिवस वाट बघू. आणि हो, लतिकाबाई, पाच बायका त्यांच्याकडच्या. वृंदाताई आल्या तर त्यांनाही आधी ठिपका."

"आणि नाही आल्या तर?"

सुमतीनं पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "लग्न माझ्या लेकीचं आहे," ती म्हणाली. "येतील. आणि नाही आल्या, तर हेमंतला मी हा हात दाखवीन."

लतिकाबाईंनी कोन उचलला. खिडकीतून ऊन येत होतं. सुहासिनीच्या मनगटावर हिरवट, ओलसर, पाल्याचा वास येणारा ठिपका पडला आणि दोघी मायलेकी त्याच्याकडे अजून रागातच, पण एकत्र बघत राहिल्या.