कारखान्याकडून उजवीकडे

चौकातल्या वाहतुकीचा अहवाल गुरुवारच्या बैठकीत जायचा होता, आणि मंगळवारी दुपारी इंजिनिअरबाईंची नजर तक्त्यावर अडकली. संध्याकाळची सर्वाधिक गर्दी पावणेसहा ते पावणेसात. त्या तासात स्टेशनरोडवरून उजवीकडे वळणारी वाहनं चारशे बारा, कारखान्याकडून फक्त शहाण्णव. म्हणून उजव्या वळणाची वेगळी लेन आणि सिग्नलला वेगळा वेळ, दोन्ही स्टेशनरोडला सुचवलेले.

पण कारखाना सुटतो साडेपाचला. ती माणसं जातात कुठे, हवेत?

त्यांनी मोजणीवाल्या काकांना फोन लावला.

"काका, दिवसभर एकाच जागी होतात ना?"

"सकाळी एकाच जागी. दुपारी ऊन डोक्यावर आलं, मग समोरच्या कोपऱ्यातल्या झाडाखाली गेलो."

"आणि तक्ता?"

"तक्ता तोच की. समोरचा रस्ता एक नंबर, पाठीमागचा तीन."

बाईंनी कपाळावर हात मारला. सकाळी काकांच्या समोर स्टेशनरोड होता, दुपारनंतर कारखान्याचा रस्ता; काका फिरले, पण तक्त्यातले नंबर फिरले नाहीत. दुपारनंतरचे चारही रस्ते उलटे.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "सह्या झाल्यात. आता कुठे घोळ घालताय? आकडे तेच आहेत ना?"

"आकडे तेच आहेत साहेब, रस्ते चुकलेत! नको तिथे लेन बांधली जाईल."

"पुरावा आणा."

बुधवारी संध्याकाळी बाई नवऱ्याला ओढून चौकात घेऊन गेल्या. उजवीकडे वळणारी वाहनं मोजायची आणि दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ लिहायची, एवढंच त्याचं काम होतं. तो स्टेशनरोड सांभाळत होता, बाई कारखान्याचा रस्ता.

"माझ्याकडे पंधरा मिनिटांत बावीस! तुझ्याकडे?"

"एकशे सहा. आणि बोलू नकोस, दोन स्कूटर हुकल्या तुझ्या नादात!"

"ट्रक आला तर तीन लिहू? तूच म्हणालीस ना, एक ट्रक म्हणजे तीन मोटारी."

"तो हिशोब मी घरी करेन! तू नुसता ट्रक लिही रे बाबा!"

तासाभरात कारखान्याकडून चारशे तीन, स्टेशनरोडवरून नव्वद. धुरानं घसा बसला होता, पण बाईंचा राग बसला नव्हता. हे एकदा चौकात जाऊन पाहण्याचं काम कुणालाच का सुचू नये? ना तपासणाऱ्याला, ना सही करणाऱ्याला, आणि खरं तर पहिल्या दिवशी स्वतःलाही.

गुरुवारी सकाळी साहेबांनी कागद पाहिला, दोनदा पाहिला. "नकाशा बदलावा लागेल," ते पुटपुटले, जणू नकाशा बाईंनीच चुकवला होता. ड्राफ्ट्समननं कुरकुरत लेन पुसली आणि पलीकडच्या रस्त्यावर काढली.

बैठकीत प्रस्ताव मंजूर झाला. साहेब म्हणाले, "आमच्याकडे आकडे दोनदा तपासण्याची पद्धतच आहे."

बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला, काही बोलायच्या आत घटाघट संपवला आणि काकांसाठी नव्या तक्त्याचा नमुना आखायला घेतला. त्यात 'समोरचा', 'पाठीमागचा' हे शब्द कुठेच नव्हते. प्रत्येक रस्त्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं.