आठ टनांचा फरक

सौंसरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडमना शनिवारी दुपारी दोन वाजेपर्यंत सगळं ठाऊक होतं. अडीच वाजता त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मधल्या अर्ध्या तासात त्यांनी एकच चूक केली: आपली वही गणिताच्या श्रीधर सरांना दाखवली.

वहीत दोन जंगलं होती. एक उघडं, म्हणजे गुरं चरतात, बाया मोळ्या नेतात ते. दुसरं बंद, म्हणजे वनखात्याने आठ वर्षांपूर्वी चराई आणि कुऱ्हाड दोन्ही थांबवलेलं. बंद करण्याआधी दोन्ही सारखीच होती, हे जुन्या नोंदींत होतं. दोन्हीकडे वीस-वीस तुकडे आखून प्रतिभाने एकेका झाडाची गोलाई मोजली होती. जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर फीता गुंडाळायचा, आकड्याला पायने, म्हणजे ३.१४ने, भागायचं, की झाडाची जाडी मिळते. जाडीवरून वजन काढायला एक समीकरण लागतं. ते मिळवण्यासाठी खात्याच्या तोडीत पडलेली अठरा झाडं तिने फांदी-फांदी करून तोलली होती. जाडी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, पाच-सहा पट होतं, हे त्या अठरांनी तिला शिकवलं. सुक्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन. जगभरचे लोक आता हवेतल्या कार्बनची चिंता करू लागले होते, आणि १९८७ साली सौंसरला ती चिंता एकट्या प्रतिभाला होती.

उत्तर आलं होतं: बंद जंगलात हेक्टरी शेहेचाळीस टन कार्बन, उघड्यात अडतीस. फरक आठ टनांचा.

या आठ टनांवर पुष्कळ काही टांगलेलं होतं. पांढुर्ण्याच्या रेंजर साहेबांना सोमवारी कागद हवा होता. बंदीने झाडं वाढली असं दिसलं तर बंदी राहणार. नाही दिसलं तर जंगल चराईला मोकळं. गावाचा तसा तगादाच होता. आणि ते जंगल आठ वर्षं राखणारा हिरामण, ज्याने स्वतःच्या मेव्हण्याच्या शेळ्यासुद्धा हाकलून दिल्या होत्या, तो सोमवारी पायीच पांढुर्ण्याला जाणार असं सांगून बसला होता.

"चूक किती धरली?" श्रीधर सरांनी विचारलं.

"अर्धा टन. एकेका झाडात पंचवीस टक्के इकडेतिकडे होतं, पण झाडं सहाशे आहेत. काही जास्त, काही कमी. एकमेकांत जिरतात. पंचवीसला सहाशेच्या वर्गमुळाने भागलं की एक टक्का."

"ते जिरते, बरोबर आहे. पण समीकरण कितीक झाडांवरून काढलं?"

"अठरा."

"मंग ती अठरा जर चुकून थोडी वजनदार निघाली असतील तं? सहाशेच्या सहाशे झाडांत तेवढीच चूक एकाच बाजूले जाईन. ती कशी जिरते बाई? तू सहाशे झाडं घे नाही तं सहा हजार."

प्रतिभाचा चेहरा उतरला. सरांनी खडू घेतला आणि स्टाफरूमच्या फळ्यावर आकडेमोड सुरू केली. या माणसाला खडू मिळाला की जेवणाचंही भान राहत नसे. समीकरणाचीच चूक दहा टक्के निघाली. म्हणजे शेहेचाळीसला साडेचार आणि अडतीसला पावणेचार. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: सहा.

"आठ टन, अधिक-उणे सहा," सर म्हणाले. "फरक चुकीच्या दुप्पट तरी पाहिजे, तवाच खरा धरता येते. म्हणजे काहीच नाही."

प्रतिभाला रडू यायचं बाकी होतं. पाच वर्षांचं काम, अठरा झाडांची साल सोलून हाताला पडलेले घट्टे, आणि म्हणे काहीच नाही! ती वही आवरायला लागली, तेवढ्यात सर स्वतःच फळ्याकडे बघून डोकं खाजवायला लागले.

"थांब. मी गाढवपणा करून राहिलो. दोन्ही जंगलांले समीकरण एकच आहे ना?"

"हो."

"मंग ते वर गेलं तं दोन्ही वर, खाली तं दोन्ही खाली. फरकात ते कटते! मी दोघांची चूक वेगवेगळी धरून बेरीज केली." त्यांनी सहा पुसला. "फरकाले दहा टक्के, म्हणजे पाऊण टनाच्या वर थोडं. आता राहिले तुकडे. सगळे तुकडे सारखे नाहीत, त्याची चूक प्रत्येक जंगलाले दोन टन. ही मात्र दोन्हीकडची वेगवेगळी, ही कटत नाही. वर्ग, बेरीज, वर्गमूळ करून सगळं मिळून तीन. आठ, अधिक-उणे तीन."

"म्हणजे आहे फरक?"

"आहे. पैजेवर सांगतो."

प्रतिभाला कळेना हसावं की या माणसाला खडू फेकून मारावा. तासाभरात त्याने जंगल बुडवलं आणि पुन्हा वाढवलं. एक झाड तिकडे जागचं हललं नव्हतं. तिने चहा मागवला आणि सगळ्यांना पाजला.

चहा संपल्यावर सर सहज म्हणाले, "फक्त एक पाहून घे. दोन्हीकडे जे सारखं, ते कटते. जे सारखं नाही, ते सगळं त्या आठात बसून असते. माणसं तीच होती?"

"हिरामण फीत्याचं टोक धरायचा, आकडा मी वाचायचे. दोन्हीकडे."

"फीता?"

"तोच. कापडी."

बोलली खरी, पण घरी निघताना तिने प्रयोगशाळेतली पोलादी पट्टी काढली आणि शेजारी फीता पसरला. आपण उगाच करतो आहोत असं तिला वाटत होतं. फीत्याच्या टोकाला पितळी कडी होती, नीट शिवलेली, बारीक टाक्यांची. कडीशेजारी पहिला आकडा होता चार. तिने फीता उलटा केला. एक, दोन आणि तीन मागच्या बाजूला दुमडून शिवणीत गेले होते.

म्हणजे या फीत्याने मोजलेलं प्रत्येक झाड खऱ्यापेक्षा तीन सेंटिमीटर लठ्ठ. कधीपासून, हाच काय तो प्रश्न.

रविवारी सकाळी ती बोरगावच्या पुढे उतरून हिरामणच्या घरी गेली. हिरामण रानात होता. त्याची बायको शकुबाई अंगणात तूर पाखडत होती. प्रतिभाने फीता पुढे धरला तशी ती खुलली.

"पाहून राहिल्या का बाई? मीनंच शिवला तो. कडी निघून लोंबून राहिली होती, दशा सुटल्या होत्या. म्हटलं बाईचं काम अडन. चांगला दुमडून घेतला, आता दहा वर्षं नाही उसवत."

"कधी शिवला शकुबाई?"

"संक्रांतीले. तुमी फीता इथंच ठेवून सौंसरले गेल्या होत्या ना, तवा."

उघडं जंगल संक्रांतीच्या आधी मोजून झालं होतं. अठरा झाडं तर त्याच्याही आधी. बंद जंगल सगळं संक्रांतीनंतरचं.

"काही चुकलं का वो?" शकुबाईने सूप खाली ठेवलं.

"नाही. टाके फार छान आहेत," प्रतिभा म्हणाली. ते खरंच होतं.

परतीच्या बसमध्ये आणि नंतर घरी तिने बंद जंगलातल्या प्रत्येक झाडातून तीन-तीन सेंटिमीटर वजा केले. वाटतं तेवढं हे थोडं नसतं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या गोलाईत तीन म्हणजे साडेतीन टक्के, आणि वजनात तेच अडीच पटीने फुगून नऊ टक्क्यांच्या जवळ जातं. शेहेचाळीसचे बेचाळीस झाले. फरक चार, आणि तुकड्यांची चूक जिथल्या तिथे: अधिक-उणे तीन.

आठात तीनची शंका असेल तर माणूस बोलू शकतो. चारात तीनची शंका असेल तर गप्प बसावं लागतं. आणि तिला गप्प बसायचं नव्हतं. बेचाळीसकडे बघत तिने स्वतःला विचारलं, जुना आकडा कुणाला कळणार आहे? रेंजर साहेब फीता उलटा करून बघणार आहेत का? जंगल तर वाचेल. पुण्याचंच काम आहे. या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिने वही मिटून आधी भांडी घासून घेतली. भांडी घासताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. फरक उलटा आला असता, बंद जंगल कमी भरलं असतं, तर तिने पहिल्याच दिवशी फीता तपासला असता. आठ टन आवडले, म्हणून तपासले नाहीत.

सोमवारी पांढुर्ण्याच्या ऑफिसात रेंजर मोरेश्वर साहेबांनी कागद वाचला, उलटा केला, परत सुलटा केला.

"मॅडम, चार अधिक-उणे तीन म्हणजे काय? झाडं वाढली की नाही वाढली?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे नाही वाढली."

"तसं नाही साहेब. वाढ झालीच नाही हे वेगळं, आणि वाढ झाली असेल पण माझ्या मोजणीत पक्की दिसत नाही, हे वेगळं."

"मागच्या आठवड्यात तर तुम्हीच आठ म्हणाल्या होत्या! डंके की चोट पर!"

"ते चुकीचं होतं. फीत्यात दोष होता."

"कोणी केला?"

बाहेरच्या बाकावर हिरामण बसला होता. धुतलेला सदरा घालून, दाराकडे डोळे लावून.

"फीता रोज तपासणं माझं काम होतं," प्रतिभा म्हणाली. "मी तपासला नाही."

साहेबांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. हो असतं तर हो लिहिलं असतं, नाही असतं तर नाही. 'सांगता येत नाही' कोणत्या रकान्यात घालायचं ते त्यांना कळेना. हेड क्लार्कला बोलावून विचारलं. त्यालाही कळेना. शेवटी क्लार्कच म्हणाला, असा कागद छिंदवाड्याच्या वरच्या कचेरीत पाठवला तर उलट टपाली परत येतो. साहेबांनी वैतागून कागदाच्या कडेला लिहिलं: फेरमोजणी, पुढील जानेवारी, तुकडे दोन्हीकडे चाळीस-चाळीस. तोवर जसं आहे तसं.

"पण पुढच्या वेळी उत्तर आणा मॅडम. हे असं डोकं खाणारं काही नको."

"पुढच्या वेळी नाही असंही येऊ शकतं," प्रतिभा म्हणाली, आणि बाहेर आली.

हिरामण उभा राहिला. "काय झालं बाई?"

"बंदी राहिली. एक वर्ष. मग पुन्हा मोजायचं."

"म्हणजे जंगल वाढलं, असंच ना?"

"माहीत नाही, हिरामणभाऊ."

तिला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही, त्याला वाईट वाटलं, आणि ते बघणं जास्त जड गेलं.

"आठ वर्षं झाली. मी रोज जातो तिथं. मले दिसते ना वो, वाढलं ते. तुमाले नाही दिसत?"

"मलाही दिसतं," प्रतिभा म्हणाली. "मला फार दिसतं. म्हणूनच पुढच्या वर्षी आकडा मी वाचणार नाही. दुसऱ्या गावचा कोणीतरी आणू, ज्याला या जंगलाचं काहीच वाटत नाही असा. तो वाचेल, आपण दोघं लांब बसू."

हिरामणला हे अजिबात पटलं नाही. ज्याला जंगलाचं काहीच वाटत नाही त्यानेच ते मोजायचं, हे असलं कसलं शिक्षण, असं तो बस स्टँडपर्यंत पुटपुटत होता. प्रतिभा त्याच्या शेजारून चालली होती आणि तिलाही त्याला नीट समजावून सांगता येत नव्हतं.