दोन्ही पालकांस

मी अर्ज घेऊन शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापक सरांनी तो न वाचताच टेबलावर पालथा ठेवला. "देवकीताई, तुमच्या नवराबायकोच्या भांडणात शाळेला ओढू नका," म्हणाले.

मी म्हटलं, "सर, ओढत नाय. शाळेनं मधे पडू नये म्हणूनच लिहून आणलंय. उलटा करा नि वाचा तरी."

माझा स्वभाव तसा तापटच आहे. पण त्या दिवशी मी शेणव्याहून निघून शहापूर, मुरबाड अशा एसट्या बदलत टोकावड्याच्या या शाळेपर्यंत आले होते, शिलाईचा एक दिवस बुडवून. पालथ्या कागदासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं, जगदीशचं घर सोडलं नि माहेरी शेणव्याला आले. आमची दिपिका शाळा तुटू नये म्हणून त्याच्याकडे राहिली. शनिवारी दुपारी ती माझ्याकडे येते. ती सातवीत आहे, आणि ती शाळेत काय करते हे मला एसटीत भेटणाऱ्या तिकडच्या बायकांकडून कळायचं. मागच्या वर्षी पालकसभा झाली ती मला महिन्याने कळली. त्या रात्री मी जेवले नाही.

सरांनी चष्मा लावला. अर्जात मी चारच गोष्टी लिहिल्या होत्या. प्रगतिपुस्तकाची प्रत, पालकसभेची आणि सुट्टीची सूचना, आजारपण किंवा गैरहजेरीचा निरोप, हे सगळं वडिलांना जातं तसंच मलाही यावं. वडिलांचं काहीही बंद करू नये. माझा पत्ता, नंबर त्यांना आणि त्यांचा मला शाळेने देऊ नये, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवू नये. मुलीला शाळेतून कोणी न्यायचं, हा विषय या अर्जात नाही. सोबत दिपिकाच्या जन्मदाखल्याची आणि माझ्या आधारची प्रत.

"कोर्टाचा कागद आणा मग," सर म्हणाले.

"कोर्टात अजून कुनीच गेलं नाय. मला अडवणारा हुकूम असंल तर तो तुमाला दाखवायला हवा. पोरीचं प्रगतिपुस्तक आईनं वाचावं, याला कसला हुकूम लागतो? उद्या झालाच काही हुकूम, तर पयली प्रत मीच आणून दीन."

मग सर खरं ते बोलले. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शाळेचा नियम होता, एक घर एक नंबर. एका वर्षी एका घरातले काका, आत्या, आजोबा सगळे ग्रुपवर आले आणि बांधाच्या वादावरून तिथेच एकमेकांना शिव्या घालू लागले. तेव्हापासून हा नियम. "तुम्ही दोघं तिथं जुंपलात तर?" त्यांनी विचारलं.

"मंग ग्रुपात नका घेऊ. दोघांना येगयेगळा मेसेज टाका, शब्द तोच. आमचं एक घर नाय सर, दोन हायेत. तुमच्या नियमानंच दोन नंबर होतात."

हे त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही. केंद्रप्रमुखांना विचारून कळवतो म्हणाले. मी माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलले नाही. कारकुनाने शिक्का असा आपटला की शाई माझ्या बोटाला लागली. लागू दे म्हटलं.

दहा दिवसांनी फोन वाजला. दिपिकाच्या वर्गशिक्षिका समीक्षाबाईंनी घटक चाचणीच्या गुणांचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'ताई, तुमच्यासाठी. तिच्या बाबांना सांगू नका. यापुढे मी तुम्हालाच सगळं कळवत जाईन.' बाई मनाने चांगल्या. त्यांना माझी दया आली होती.

मी फोटो पाहिला. खोटं कशाला बोलू, मोठा करून करून पाहिला. गणितात वीसपैकी सहा. जगदीशला हे माहीत असणार आणि त्याने मला एका शब्दाने कळवलं नाही, या विचाराने मी दिवसभर शिलाई यंत्रावर दात ओठ खात बसले.

पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि बाईंना सांगितलं, "बाई, तुमचे उपकार हायेत, पन असं चोरून नको. आज तुमी माज्या बाजूनं लपवाल, उद्या दुसऱ्या बाई त्यांच्या बाजूनं लपवतील. मी चोरी केलेली नाय. मला उघड द्या, नि त्यांनापन द्या."

बाईंचा चेहरा उतरला. सर आतून ऐकत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि जगदीशला फोन लावला.

जगदीश टेम्पो रस्त्यावरच उभा करून आला. सरांनी त्याला माझा अर्ज वाचून दाखवला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिला काय द्यायचं नाय."

"तसा कोर्टाचा हुकूम आहे तुमच्याकडे?" सरांनी विचारलं. मला विचारलं होतं तसंच, त्याच आवाजात. तेव्हा पहिल्यांदा मला सरांचा आदर वाटला.

"हुकूम कसला? मी बाप हाय तिचा."

"आणि या आई आहेत. केंद्रप्रमुखांनीही तेच सांगितलं. शाळा दोघांनाही कळवणार."

"मंग माझा नंबर काडून टाका. हिलाच पाठवा सगळं," म्हणत जगदीश उठला.

मी जिंकले होते. गप्प बसले असते तर सगळं माझ्याच हातात आलं असतं. पण माझं डोकं सणकलं. "नाय सर," मी म्हटलं, "त्यांचा नंबर काडायचा नाय. ते रुसले म्हनून बाप असायचे थांबत नाय. मी दोघांसाठी अर्ज दिलाय. एकासाठी हवा असंल तर तो फाडून टाका."

जगदीश दारात थांबला. सरांनी हजेरीपटाच्या पानावर दिपिकाच्या नावापुढे दोन नंबर लिहिले, वर तारीख घातली, आणि मला लेखी उत्तर दिलं. तशीच एक प्रत त्याच्याही हातात दिली.

दिवाळीनंतर पहिल्या सत्राचा निकाल लागला. 'शनिवारी सकाळी दहाला पालकसभा' असा मेसेज आला. मी येणार म्हणून जगदीशही आला, इतकं तरी मी त्याला ओळखते. तो एका बाकावर, मी दुसऱ्या, मधे दिपिका उभी.

समीक्षाबाईंनी दोघांपुढे एकेक प्रत ठेवली. गणितात परत नापास. जगदीश कागदाकडे बघतच राहिला. "हे कवापासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही तर चाचणीच्या पानावर सही केलीये," बाई म्हणाल्या आणि प्रगतिपुस्तक उघडून दाखवलं.

त्याने सही पाहिली, मग दिपिकाकडे पाहिलं. सही त्याची नव्हती. मागच्या पानांवरच्याही नव्हत्या. ग्रुप तो कधी उघडत नव्हता आणि प्रगतिपुस्तक त्याच्यापर्यंत जातच नव्हतं. ज्या कागदासाठी मी दोन वर्षं त्याला शिव्या मोजत होते, तो त्यालाही मिळाला नव्हता.

"का गो?" त्याने विचारलं.

दिपिका जमिनीकडे बघून म्हणाली, "तुमाला दाखवलं की तुमी म्हनता, आईवर गेलीस. आईला सांगितलं की ती म्हनते, बापाचं लक्ष नाय. मला काय कमी पडलं ते कुनीच इचारत नाय. म्हनून मीच सही करायची."

मी आणि जगदीश, दोघांनीही बोलायला तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते दोघांनाही माहीत होतं. मी माझं मिटलं आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्यानेही मिटलं. मग मी बाक सरकवून दिपिकाजवळ गेले, गणिताचा पेपर उघडला आणि विचारलं, "बाय, यातलं कुठलं अडतं तुला?"