नवव्या ठाण्याची बरणी

अहवाल टेबलावर आला तेव्हा तिने आधी शेवटच्या पानावरची हाताने लिहिलेली टीप आणि तिच्याखालची सही पाहिली. मग उठून दाराला कडी लावली आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसली. सही सरांची होती.

नदी प्राधिकरणाच्या प्रयोगशाळेत ती दहा वर्षं काम करत होती. पाण्यातले किडे ओळखायचे, मोजायचे, त्यावरून नदीची तब्येत सांगायची. ऑफिसात तिला सगळे ‘किडेबाई’ म्हणत, आणि तीही ओ देई. पण त्याआधी ती विद्यापीठात सरांची विद्यार्थिनी होती, सरांनीच घालवून दिलेली.

ते प्रकरण असं होतं. तिने प्रबंधासाठी उगमाजवळच्या एका ओढ्यातले किडे मोजले होते. उगमाजवळ ओढा अरुंद असतो, दोन्ही काठांची झाडं वर एकमेकांना टेकलेली असतात. ऊन पाण्यापर्यंत पोचत नाही म्हणून शेवाळ फारसं वाढत नाही. खायला असतात ती गळलेली पानं. त्यामुळे तिथे पानं कुरतडणारे किडे भरपूर, आणि दगडावरचं शेवाळ खरवडणारे अगदी थोडे. तिला मात्र उलटं सापडलं होतं. कुरतडणारे जवळजवळ नाहीसे, खरवडणारेच जिकडेतिकडे. कारणही तिला माहीत होतं. वरची झाडं लाकूड कंपनीने तोडली होती. सावली गेली, पानं गेली, दगडांवर शेवाळ माजलं. आणि त्याच कंपनीच्या पैशावर सरांचा विभाग चालत होता.

सर समितीसमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “उगमाजवळ खरवडणाऱ्यांचं राज्य? सिद्धांतात बसत नाही. मुलीने आकडे घरी बसून रचलेत.” तोडलेल्या झाडांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. तिने सांगून पाहिलं, पण रडवेल्या मुलीचं कोण ऐकतो? विद्यापीठातून तिचं नाव काढून टाकलं गेलं.

आता तेच सर सल्लागार झाले होते. खालच्या पट्ट्यातल्या रंग कारखान्याला वाढीव सांडपाण्याची परवानगी हवी होती, आणि ‘कारखान्याखाली नदी निरोगी आहे’ असं सांगणारा अहवाल त्यांनी लिहिला होता. उगमापासून मुखापर्यंत नऊ ठाणी, म्हणजे नमुने घ्यायच्या नऊ जागा. कारखान्याच्या खालचं ठाणं नववं. तिथे किड्यांच्या एकतीस जाती. आकडा बघून कुणीही खूश व्हावं.

तिने मात्र जातींची यादी आकड्यांसह वेगळ्या कागदावर उतरवली आणि प्रत्येकीपुढे ती काय खाते ते लिहिलं. नवव्या ठाण्यावर शंभरातले चाळीस किडे पानं कुरतडणारे निघाले. तिने पुन्हा मोजलं. चाळीसच.

नववं ठाणं तिने पाहिलेलं होतं. तिथे नदी एवढी रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. काठाची झाडं असली तरी त्यांची पानं त्या पाण्यात कुठल्या कुठे. पाणी खोल आणि गढूळ, तळाशी ऊन नाही, म्हणून तळाला शेवाळही नाही. तिथे खायला असतो तो वरून वाहत आलेला बारीक चुरा. वरच्या किड्यांनी कुरतडून, पचवून सोडलेलं सगळं. तिथे तो चुरा गाळातून वेचणारे आणि पाण्यातून गाळून घेणारे प्राणी राहायला हवेत. पानं कुरतडणाऱ्यांनी तिथे उपाशीच मरायचं.

अहवालाबरोबर नियमाप्रमाणे जमा केलेल्या नमुन्यांच्या बरण्या गोदामात होत्या. तिने नववी काढली आणि पांढऱ्या ताटलीत ओतली. चिमट्याच्या टोकाशी एक अळी आली, पानाचे गोल तुकडे कापून त्यांचं घर अंगावर शिवलेली. ही अळी वरच्या थंड ओढ्याची रहिवासी. बरणीच्या आत, नेहमीप्रमाणे, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती. ‘ठाणे नऊ’ आणि तारीख. ‘ठ’ची ती खालून वळवलेली शेपटी तिने चार वर्षं स्वतःच्या वहीवर सरांच्या लाल शाईत पाहिली होती.

घरी नवरा म्हणाला, “त्यांना फोन कर. चूक दाखव. अहवाल मागे घेतील, कारखान्याचंही थांबेल. काम झालं ना?”

“मला केला होता का फोन त्यांनी?”

“तेरा वर्षं झाली गं.”

“मला माहीत आहे किती झाली,” ती म्हणाली. “मला नुसतं काम व्हायला नकोय. ते चारचौघांत व्हायला हवंय.”

त्या रात्री ती छान झोपली, आणि आपण छान झोपलो याची तिला सकाळी जराही लाज वाटली नाही.

सुनावणी प्राधिकरणाच्या मोठ्या खोलीत होती. समोर अध्यक्ष, बाजूला कारखान्याचे वकील, मागे काठावरच्या गावांतली माणसं. सर थकले होते, पण आवाज तोच. तिला त्यांनी ओळखलं, किंचित हसलेही, जुन्या नोकराकडे बघून हसावं तसे.

अध्यक्षांनी विचारलं, “प्रयोगशाळेचे काही प्रश्न?”

“एकच शंका आहे,” ती उभी राहत म्हणाली. “सर, या लोकांना जरा समजावून सांगाल? उगमापासून खालपर्यंत नदीतलं अन्न कसं बदलतं?”

शिकवणं म्हणजे सरांचा जीव की प्राण. ते खुलले. वर पानं आणि कुरतडणारे, त्यांच्याबरोबर चुरा वेचणारे. मध्ये नदी रुंदावते, ऊन पडतं, शेवाळ वाढतं, मग खरवडणारे वाढतात आणि कुरतडणारे मागे पडतात. खाली बारीक चुरा, आणि जवळपास सगळे वेचणारे आणि गाळणारे. “शिकारी किडे मात्र सगळीकडे साधारण सारख्याच प्रमाणात,” ते बोट वर करून म्हणाले. मागचे लोक माना डोलावत होते. एक शब्द चुकला नाही त्यांचा.

“म्हणजे नवव्या ठाण्यावर कुरतडणारे किती सापडावेत?”

“नगण्य.”

“तुमच्या बरणीत शंभरात चाळीस आहेत.”

खोलीत खुर्च्या वाजल्या. तिने ताटली अध्यक्षांपुढे ठेवली आणि भिंग दिलं. “हे पानांचे तुकडे बघा. ही अळी नदीच्या वरच्या टोकाला राहते.”

सर सावरले. “काठाला कुणी फांद्या टाकल्या असतील. अपवाद असतात, बाई.”

“असतात. मला माहीत आहेत. पण मग गाळणारा एकही कसा नाही? एक शिंपला नाही, गाळातला एक किडा नाही. आणि एकतीसच्या एकतीस जाती तुमच्याच पहिल्या ठाण्याच्या यादीत आहेत.”

आता त्यांनी मान वळवली. मागे त्यांची सहायिका बसली होती, कागद छातीशी धरून. “बरण्या हिने भरल्या. अदलाबदल झाली असेल. मी हिच्यावर विश्वास ठेवला, तीच माझी चूक.”

सहायिकेचा चेहरा पांढरा पडला. तेरा वर्षांपूर्वी समितीसमोर आपणही अशाच उभ्या होतो ते किडेबाईला लख्ख आठवलं. आतापर्यंत तिला नुसती मजा येत होती. आता तिला खरा राग आला.

“बरणीतली चिठ्ठी वाचा,” ती अध्यक्षांना म्हणाली. “आणि अहवालाच्या शेवटी सरांनी हाताने लिहिलेली टीप वाचा. अक्षर एकच आहे. बरणीत चिठ्ठी यांनी टाकली आहे.”

अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

परवानगी नाकारली गेली. सरांचं नाव सल्लागारांच्या यादीतून गेलं, आणि चौकशी लागली.

बाहेर व्हरांड्यात सर तिच्यासमोर थांबले. “मला आधी सांगू शकली असतीस.”

“हो,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. सांगायचं नव्हतं.”

ते आणखी काहीतरी ऐकायला थांबले. शेवटी वळले. ते जिना उतरेपर्यंत ती कठड्याशी उभी राहून बघत होती, एकेक पायरी.

पुढच्या आठवड्यात तिने विद्यापीठाला पत्र लिहिलं, आपलं जुनं प्रकरण पुन्हा उघडावं म्हणून. उत्तर आलं, दहा वर्षांहून जुनी कागदपत्रं नष्ट केली जातात. तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

“वाईट वाटलं?” त्याने विचारलं.

“याचं वाटलं,” ती म्हणाली. “सरांचं अजिबात नाही.”

सोमवारी ती सरांच्या त्या सहायिकेला घेऊन नावेतून खऱ्या नवव्या ठाण्यावर गेली. जबड्यासारखं लोखंडी यंत्र तळाशी सोडलं, वर ओढलं. काळा गाळ आला, औषधासारखा वास असलेला. धुऊन चाळला तेव्हा चाळणीत उरले लाल, दोऱ्यासारखे किडे, एकाच जातीचे, शेकड्यांनी.

“बाकीचे कुठे गेले?” सहायिकेने विचारलं.

“मेले,” ती म्हणाली. “लिही. जाती, एक.” आणि तिने पेन्सिल मुलीच्या हातात दिली.