एकतिसाव्या लॉटवरची सही

माझं नाक गेलं हे फक्त भागीला ठाऊक होतं, म्हणूनच मी भागीला काढलं. आता लपवायचं तरी कशाला? सगळं वाटोळं होऊन बसलंय.

भिसेगावातल्या माझ्या स्वयंपाकघरात बारा वर्षं गोडा मसाला झाला. पाकिटावर माझं नाव, शैला. साथीच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही. मग खोबरं भाजताना मी विचारायची, "भागी, झालं का गं?" आणि ती वाडीवरची बाई कढईवर वाकून सांगायची, "थांबा बाई, अजून कच्चं हाय." कधी कधी खोबऱ्याची वाटी हुंगून बाजूला टाकायची, "खवट हाय, नका घालू." घरात कुणाला पत्ता नव्हता. तिनं कधी तोंड उघडलं नाही. पण ती समोर दिसली की मला माझंच पितळ उघडं पडल्यासारखं वाटायचं.

मागणी वाढली तसं माझ्या मुलानं, शौनकनं, शिळफाट्याला अनुपमचा कारखाना शोधला. करार मी स्वतः बसून लिहून घेतला. मी काय कच्च्या गुरूची चेली? नाव माझं, कृती माझी. दगडफूल, नागकेशर आणि आणखी चार जिन्नस मी घरीच दळून, वजन करून, सीलबंद पाठवणार, म्हणजे पुरतं प्रमाण त्याला कधीच कळणार नाही. खोबरं, तीळ, धणे त्यानं घ्यायचे. प्रत्येक लॉटचा नमुना माझ्याकडे यायचा आणि माझी सही झाल्याशिवाय एक पाकीट बाहेर जायचं नाही. सही झाली की जबाबदारी माझी.

प्रयोगशाळेच्या यादीत तेलाच्या खवटपणाची एक तपासणी होती. अनुपम म्हणाला, "काकू, ही ठेवूया. खोबऱ्याचा भरवसा नसतो."

"खवटपणा मला मशीन सांगणार होय रे?" असं म्हणून मी त्यावर काट मारली आणि पुढे लिहिलं, 'वास व चव – शैलाताई.' शौनक कौतुकानं हसला. त्याच आठवड्यात मी भागीला सांगितलं, आता कारखान्यात होतं सगळं, तू दुसरं काम बघ. ती "बरं बाई" म्हणाली आणि एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला लागली.

तीस लॉट नशिबानं निभावले. रंग बघायचा, चिमटीत दळण बघायचं, अहवाल वाचायचा आणि सही ठोकायची. एकतिसावाही तसाच सोडला. त्यानंतर चार दिवसांनी भागी दारात आली. हातात पिशवी होती. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "भागी, काम नाहीये गं आता." ती जरा थांबली, मग निघून गेली.

पुढच्या महिन्यात माल परत येऊ लागला. दादर, ठाणे, पुणे. लोकांनी पाकिटाचे फोटो टाकले, माझ्या नावासकट. दुकानदारांनी फोन उचलणं सोडलं. अनुपम एकतिसाव्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना घेऊन घरी आला. बरणीच्या सीलवर माझीच सही. त्यानं झाकण काढलं आणि शौनकनं नाकाला रुमाल लावला.

"खोबरं जुनं आलं, काकू. माझ्या माणसाची चूक, मी नाही म्हणत नाही," अनुपम म्हणाला. "पण त्याचसाठी तर तुमची सही होती ना?"

"आई, तू वास घेतला होतास का?" शौनकनं विचारलं.

अनुपमनं नंतर माल बदलला, बरणीतला नमुनाही बदलला, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शौनकचा विश्वासही बसला असता. पण त्या पोराचा कारखाना बुडाला असता.

"मला वासच येत नाही," मी म्हटलं. "चार वर्षं झाली."

शौनक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी भागीच्या वाडीवर गेले. कशाला गेले, देव जाणे. परत ये म्हणायला, की नुसती तिच्यासमोर बसायला. तिनं चहा टाकला, आत गेली आणि माझंच एक पाकीट घेऊन आली. तोंड दोऱ्यानं बांधलेलं, वर लॉट एकतीस.

"फार्महाऊसवर आलं होतं. फोडलं नि कळलं. तवाच सांगाया आलते तुमच्याकडं."

ती दारात आली त्या दिवशीपर्यंत एकतिसाव्यातली फक्त चाळीस खोकी बाहेर गेली होती. बाकी सगळा लॉट शिळफाट्याच्या गोदामात पडून होता. माझ्या एका फोनवर थांबला असता.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुमी काम नाय म्हनाल्या. मला वाटलं, मी कामासाठी खुसपट काढते असं वाटंल तुमाला."

"आणि हे इतके दिवस ठेवलंस कशाला?"

"तुमचं नाव हाय ना बाई त्याच्यावर. उकिरड्यात कसं टाकू?"

मी दोरा सोडला आणि सवयीनं पाकीट नाकाशी नेलं. भागीनं तोंड फिरवलं. मला कसलाच वास आला नाही.