झाकण नाही उघडणार

मी टोप बोलतोय. तांब्याचा, जाड बुडाचा, वर घट्ट बसणारं झाकण असलेला. सध्या माझा मुक्काम भाईंदर पूर्वेला, नवघरमधल्या एका बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आहे. भाड्याची खोली आहे. शेजारी स्टीलची भांडी आहेत, चकचकीत. घरातला रोहित स्टीलच्या भांड्यांच्याच कारखान्यात कामाला जातो. तरी घरात सगळ्यात जुना मीच.

माझा जन्म इथला नाही. समुद्रापलीकडे स्पेन नावाचा देश आहे. तिथल्या टोलेडो गावात एका यहुदी तांबटाने मला ठोकून घडवलं. त्या गावात यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान कितीतरी पिढ्या एकाच बाजारात भाजी घेत होते. भांडत होते, पण राहत होते.

मला ज्या घरात नेलं, तिथे दोन भाऊ होते. योसेफ आणि इसाक. त्यांच्याकडे शनिवारी चूल पेटवत नसत. तो त्यांचा देवाचा दिवस. म्हणून शुक्रवारी ऊन उतरायच्या आधी माझ्यात हरभरे, कांदा आणि वांगी घालायचे, तेल सोडायचं, झाकणाच्या कडेला कणीक लावायची आणि मला निखाऱ्यांवर बसवून वरून राख ओढायची. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की गरम वाफ. त्या घरात मुलं माझ्याभोवती जशी जमत, तशी देवाभोवतीही जमत नसत. मला त्याचा थोडा गर्व होता.

मग तेराशे एक्याण्णव साल आलं. सेव्हिल शहरात एक पाद्री बरीच वर्षं यहुद्यांविरुद्ध बोलत होता. आधी नुसतं बोलणं होतं. बोलणं पुष्कळ झालं की हात उठतात. त्या उन्हाळ्यात तिथे कत्तल झाली आणि आग गावोगाव पसरत टोलेडोला आली. जमाव दारात आला तेव्हा एकाच्या हातात सुरा होता, दुसऱ्याच्या हातात क्रूस. योसेफने मुलांकडे पाहिलं आणि डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं. तो हुआन झाला. इसाक मागच्या भिंतीवरून पळाला, लपला, यहुदीच राहिला. त्या साली असे हजारो लोक एका दमात ख्रिस्ती झाले. त्यांना म्हणायचे ‘नवे ख्रिस्ती’. मागून हळूच एक घाण शिवीही द्यायचे. डुक्कर अशा अर्थाची.

मी इसाककडे गेलो. पण समोरच्याच गल्लीत हुआनचं घर होतं, त्यामुळे दिसायचं सगळं. त्याची मुलं चर्चमध्ये वाढली. नातू गावच्या कचेरीत कारकून झाला. तो मनापासून ख्रिस्ती होता. चौदाशे एकोणपन्नास साली गावात करावरून दंगल झाली आणि खापर फुटलं नव्या ख्रिस्त्यांवर. गावाने नियमच केला, की ज्यांचं रक्त यहुदी आहे त्यांना कुठलंही सरकारी पद नाही. तो कारकून म्हणाला, ‘माझ्या आजोबांनी धर्म बदलला, मी तर जन्मल्यापासून ख्रिस्ती आहे.’ त्याला उत्तर मिळालं, ‘बाप्तिस्म्याच्या पाण्याने रक्त धुतलं जात नाही.’

म्हणजे बघा. आधी म्हणाले, आमच्यात या नाहीतर मरा. आले, तर म्हणाले, तुम्ही आमचे नव्हेतच.

पुढे राजाराणीने धर्मन्यायालय बसवलं. ज्याने बाप्तिस्मा घेतलेलाच नाही, अशा यहुद्यावर त्या न्यायालयाचा हक्क चालत नसे. हक्क चालायचा नव्या ख्रिस्त्यांवर. हा खरा की खोटा, एवढंच शोधायचं. चर्चमध्ये खुणा वाचून दाखवायचे. शुक्रवारी कोण धुतलेली चादर घालतं? शनिवारी कुणाच्या धुराड्यातून धूर येत नाही? डुकराच्या चरबीऐवजी तेलात कोण शिजवतं? माहीत असून जो सांगणार नाही, तोही पापी. मग लोक एकमेकांच्या चुलीचा वास घेत फिरू लागले. ज्याला पकडायचे, त्याला चुगली कुणी केली हे कधी सांगत नसत.

चौदाशे ब्याण्णवमध्ये उरलेल्या यहुद्यांना हुकूम आला. बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. कारण काय दिलं? तुमच्या शेजाराने नवे ख्रिस्ती बिघडतात. सोनं, चांदी, नाणं न्यायला बंदी. लोकांनी घर देऊन गाढव घेतलं, द्राक्षांचा मळा देऊन कापडाचा तुकडा घेतला. तांब्याला बंदी नव्हती, म्हणून मी त्या गाढवावर बसून पोर्तुगालला गेलो.

तिथेही पाच वर्षंच. पोर्तुगालच्या राजाला यहुदी नको होते, पण त्यांचे हात आणि धंदे हवे होते. आधी त्याने मुलं ओढून नेली आणि त्यांच्यावर पाणी शिंपडलं. मग देश सोडायला म्हणून लिस्बनला जमलेल्या आईबापांना कोंडून त्यांनाही ख्रिस्ती करून घेतलं. इसाकची माणसं अशी नवे ख्रिस्ती झाली. जे टाळायला घर सोडून पळाली होती, तेच झालं.

त्यांच्यातल्या एकाने पुढे मसाल्याचा व्यापार धरला आणि जहाजाने मला वसईला आणलं. हो, आपली वसई. खाडीच्या पलीकडची.

त्या घरातल्या बाईचं नाव बियात्रिझ. मी शपथेवर सांगतो, ती खरी ख्रिस्ती होती. रात्री मुलांना कुशीत घेऊन येशूचंच नाव घ्यायची. फक्त चरबीच्या वासाने तिला मळमळायचं, म्हणून ती तेलात शिजवायची. आणि शनिवारचे हरभरे आदल्या दिवशीच मंद आचेवर ठेवायची, कारण तिची आई तसंच करायची. का ते तिला माहीतसुद्धा नव्हतं.

गोव्याला धर्मन्यायालय आलं आणि त्याचे हात वसईपर्यंत पोचले. घरात मोलकरीण होती, ती कुणाजवळ तरी बोलली. माणसं दारात आली. बियात्रिझ घाबरली नाही. तिला वाटलं, लपवण्यासारखं आहेच काय? तिने स्वतःच्या हाताने माझं झाकण उचललं.

‘बघा ना,’ ती हसून म्हणाली, ‘हरभरेच आहेत.’

त्यांनी वाकून पाहिलं. हरभरे. वांगी. तेल. चरबी नाही. आणि वार शनिवार.

तोच पुरावा झाला.

तिला जहाजात घालून गोव्याला नेलं. ती परत आली नाही. गल्लीतल्या एका जुन्या ख्रिस्ती बाईने तिच्या मुलांना घरात घेतलं, तेही सांगितलं पाहिजे. घरातलं सामान जप्त होऊन लिलावात गेलं. मला खाडीच्या अलीकडच्या, मोरव्याच्या एका शेतकऱ्याने घेतलं. त्याने मला चिंचेने घासलं आणि लग्नाचा भात शिजवला. माझं बूड दोनदा बदललं, कल्हई किती वेळा झाली त्याला गणती नाही. त्याच घराण्यातले आज बाबाजी.

बाबाजी मोरव्याचे. मासळीशिवाय घास न उतरणारा माणूस. पण विमलाबाई, म्हणजे त्यांची बायको, गेली आणि त्यांनी गळ्यात माळ घातली. घरात सगळ्यांनीच मासळी सोडली. पुढे मुलाच्या कामासाठी, रोहितसाठी, नवघरला आले. बिल्डिंगीत मांसमच्छी चालत नाही. बाबाजी म्हणाले, ‘मंग तर आपल्याला बराच हाय.’

बरं नव्हतं. जिन्यात कुठेही सुकटीचा वास आला की सगळे वळून याच दाराकडे बघायचे. समोरची ममता तेवढी म्हणायची, ‘अहो, मागच्या रस्त्यावर टेम्पो उभा असतो मासळीचा.’ पण तिचं कोण ऐकतंय? एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी हसत म्हणालं, ‘माळ घातली म्हणून काय, खाल्लेलं तोंड ते खाल्लेलंच.’ मला टोलेडोचा कारकून आठवला.

परवा रविवारी सून संजनाने माझ्यात हरभरे आणि वांगी घातली. बाबाजींना दात नाहीत, म्हणून मऊ शिजायला मंद गॅसवर ठेवलं. बेल वाजली. कमिटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्र, मागे आणखी दोघं. ममताही दार उघडून उभी.

‘वहिनी, पर्सनली घेऊ नका,’ हरिश्चंद्र म्हणाले. ‘कंप्लेंट आलीय. वास येतोय. जरा किचन बघतो, बस. दो मिनट का काम है.’

‘कुणाची कंप्लेंट?’

‘नाव नाही सांगता येत. रूल आहे.’

मी गॅसवर होतो, तरी थंड पडलो.

‘टोपात काय आहे?’ मागच्याने विचारलं. ‘झाकण घट्ट लावलंय म्हणून विचारतो.’

बाबाजी पलंगावरून उठले. साधा माणूस. ‘उघड गो पोरी, दाखव त्यांना. आपल्याला काय लपवायचं हाय? चोरी न्हाय केली.’

बियात्रिझलाही असंच वाटलं होतं. तेच हरभरे. मी ओरडलो असतो, पण टोपाला आवाज नसतो. फक्त वाफ असते.

संजना आली. माझ्या झाकणावर तिने हात ठेवला. फडकं नव्हतं, चटका बसला असणार. पण तिने झाकण उचललं नाही. दाबून धरलं.

‘नाही उघडणार.’

‘अहो वहिनी, क्लिअर होऊन जाईल ना मॅटर!’

‘नाही होणार, हरिश्चंद्रभाऊ. आज टोप बघाल, उद्या फ्रीज, परवा कचऱ्याचा डबा. मग म्हणाल, इथे नाही खात, बाहेर खात असतील. आम्ही सोडलं ते तुमच्यासाठी नाही सोडलं. ते बाबांचं आणि देवाचं आहे. त्याची परीक्षा तुम्ही घ्यायची नाही.’

‘मग सोसायटीची एनओसी विसरा. घरमालकाला सांगावं लागेल. पुढच्या महिन्यात अ‍ॅग्रीमेंट संपतंय तुमचं.’

‘लावा फोन.’

हरिश्चंद्रांनी खरंच लावला. घरमालक पंढरीनाथ स्पीकरवर आले. सगळं ऐकून घेतलं.

‘भाडं वेळेवर देतात ना ते?’

‘तो प्रश्न नाहीये, पंढरीशेठ. ते टोपाचं झाकण उघडत नाहीयेत.’

‘अहो, मी खोली दिलीय, टोप नाही दिला. हे वर्ष राहू दे त्यांना. पुढचं पुढे बघू.’

ममता पदर तोंडाला लावून हसली. बाबाजी मात्र हसले नाहीत. ते हळूहळू चालत आले आणि सुनेच्या हातावर आपला हात ठेवला, माझ्या झाकणावर.

‘हरिश्चंद्र,’ ते म्हणाले, ‘जेवायला ये. पाट मांडीन, पहिला घास तुला वाढीन, तवा झाकण उघडंल. तपासायला आलास तर न्हाय.’

हरिश्चंद्र दोघांना घेऊन वळले. चपला घालून खाली गेले. दार लागलं. मग संजनाने नळाखाली हात धरला आणि ममता ताट घेऊन आत आली. तेव्हा माझं झाकण निघालं.

घर राहिलं. संशय गेला नाही. कालच कुणीतरी दारापाशी थांबून नाक वर करून गेलं. पुढच्या वर्षी कदाचित मला पुन्हा पोत्यात भरतील. मला सवय आहे. गाढवावर बसलो, जहाजात बसलो, टेम्पोतही बसेन.

पण आता मी बियात्रिझचा टोप राहिलो नाही. माझ्या झाकणावर दोन हात दाबलेले मी पाहिले आहेत. भूक लागली असेल तर खुशाल या, माझ्यात सगळ्यांपुरतं शिजतं. नुसता वास घ्यायला येणार असाल, तर जिन्यातूनच परत जा.